आयात दाण्याचा खरा दर आणि स्टोअरची इश्यू स्लिप : एका कंटेनरच्या नोंदी

आमचा जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईचा छोटा कारखाना आहे. पॉलिप्रॉपिलिनचा ताजा दाणा आणि थोडा रिप्रोसेस मिसळून स्ट्रॉ काढायची, आणि ती लूमवर विणायची. स्टोअर आणि हिशेब दोन्ही माझ्याकडे आहेत. आयात दाण्याचा किलोमागे दर कसा काढायचा हे मी या एका कंटेनरवर शिकले. जे करतील त्यांना उपयोगी पडावं म्हणून तारखेनिशी लिहिते आहे. आकडे आमच्या कंटेनरचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

१८ जून

शेठ म्हणाले, "बाहेरचा दाणा स्वस्त पडतो म्हणून आपण आणतो. मग चटईत पैसे का दिसत नाहीत?"

मागच्या कंटेनरचं खातं उघडलं. दोष लगेच दिसला, आणि तो माझाच होता. माल स्टॉकमध्ये घेताना मी परदेशी पुरवठादाराचं इन्व्हॉइस तेवढं रुपयांत करून घातलं होतं. ड्युटी, एजंटचं बिल, ट्रेलरचं भाडं हे सगळं 'आयात खर्च' नावाच्या एका खात्यात जात होतं. वर्षअखेरीला नफा-तोट्यात ते बरोबर उतरतं, म्हणून सीए सरांनीही कधी हटकलं नाही. पण स्टोअरचा दर मात्र इन्व्हॉइसचाच राहिला. स्टोअरमधले अप्पा लूमला दाणा देताना इश्यू स्लिप फाडतात ती त्या दराने, आणि शेठ चटईचा भाव काढतात तो त्या स्लिपवरून. म्हणजे ड्युटी आणि भाडं चटईच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

ठरवलं, पुढचा कंटेनर पहिल्या कागदापासून नीट लिहायचा.

२५ जून

सौदा झाला. आखाती देशातला रॅफिया ग्रेड दाणा, एक ४० फुटी कंटेनर, २५ किलोची ९९० पोती, म्हणजे २४,७५० किलो. भाव टनाला ९६० डॉलर, सीएफआर न्हावा शेवा. सीएफआर म्हणजे समुद्राचं भाडं भावातच आलं, विमा मात्र आपला. पैसे बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून ३० दिवसांनी.

शेठनी कागदाच्या कोपऱ्यावर हिशेब केला. डॉलर ८५.४० धरून किलो ८२ रुपये, साडेसात टक्के ड्युटीचे सहा, भाड्याचे दोन, झाले ९०. देशी दाणा त्या दिवशी दारात ९७.२० ला पडत होता, जीएसटी सोडून. म्हणजे किलोमागे सात रुपयांची बचत. तो कागद मी फाइलला लावला. शेवटी याच कागदाशी ताळा करायचा आहे.

१४ जुलै

माल जहाजावर चढला. बिल ऑफ लेडिंग आजच्या तारखेचं.

सीए सरांना विचारलं की डॉलर कोणत्या दिवसाचा धरायचा. सीएफआर सौद्यात माल जहाजावर चढला की जोखीम आपली होते, म्हणून खरेदीची तारीख हीच, असं ते म्हणाले. आजचा दर ८५.९०. मालाची किंमत रुपयांत ती आज एकदाच ठरली: २३,७६० डॉलर गुणिले ८५.९०, म्हणजे २०,४०,९८४ रुपये. पैसे देताना डॉलर कितीही झाला तरी स्टॉकमधला हा आकडा हलवायचा नाही. तेव्हा मला हे नीटसं पटलं नव्हतं. १३ ऑगस्टच्या नोंदीत ते पुन्हा येईल.

१७ जुलै

बिल ऑफ लेडिंग आणि इन्व्हॉइसची स्कॅन प्रत मेलवर आली. मूळ कागद बँकेमार्फत यायचे आहेत. मी ठरवलं की मूळ कागद आले की सगळं एकदम क्लिअरिंग एजंटला पाठवू.

या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागली.

२४ जुलै

जहाज काल न्हावा शेव्याला लागलं. मूळ कागदांचा पत्ता नाही. एजंटचा फोन आला, "मॅडम, बिल ऑफ एंट्री अजून भरली नाही. जहाज यायच्या आदल्या दिवशीपर्यंत भरायची असते." बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं विवरण. मी म्हटलं कागद आलेले नाहीत. तो म्हणाला, बिल ऑफ एंट्री भरायला स्कॅन प्रती चालतात, मूळ बिल ऑफ लेडिंग लागतं ते शिपिंग लाइनकडून माल सोडवताना. हे त्याने आधी सांगायला हवं होतं, आणि मीही विचारायला हवं होतं.

आज भरली. दोन दिवसांचा उशीर झाला. पहिल्या तीन दिवसांपर्यंत दिवसाला पाच हजार लागतात, म्हणून दहा हजार गेले.

दुसरं नुकसान लगेच दिसलं नाही. कस्टमचा डॉलर बाजारातला नसतो. तो महिन्यातून दोनदा जाहीर होतो, आणि ज्या दिवशी बिल ऑफ एंट्री दाखल होईल त्या दिवशी जो लागू असेल तो धरतात. १७ तारखेला भरली असती तर ८५.९५ लागला असता. १८ पासून नवा दर आला, ८६.७५. जहाज यायच्या आधीही बिल ऑफ एंट्री भरता येते, तो मार्ग आमच्या हातात होता.

२५ जुलै

ड्युटी भरली. आज संध्याकाळी पहिला तक्ता मांडला, आणि दर किलोला ११० च्या आसपास आला. शेठचा चेहरा उतरला. देशी दाणा ९७ ला असताना आपण ११० ला आणला की काय!

रात्री पुन्हा ओळ न् ओळ तपासली. कस्टमला भरलेली पूर्ण रक्कम मी मालावर टाकली होती, आणि त्यात १८ टक्के आयजीएसटीही होता. ४,०६,१३९ रुपये, म्हणजे किलोमागे साडेसोळा रुपये निव्वळ याचेच. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, तो खर्च नव्हे. बिल ऑफ एंट्रीवर आपला जीएसटी नंबर बरोबर असला की तो २बी विवरणात दिसतो. पैसे अडकतात हे खरं, पण दाण्याच्या किमतीत तो घालायचा नाही.

मालावर पडणारी ड्युटी फक्त दोन ओळींची: मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, आणि त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार. मिळून ८.२५ टक्के. शेठच्या कोपऱ्यातल्या हिशेबात अधिभार नव्हता.

आता हा टक्का कशावर लागतो ते पाहा. २३,७६० डॉलर गुणिले ८६.७५ केले तर २०,६१,१८० येतात. पण बिल ऑफ एंट्रीवर मूल्य होतं २०,८४,३६८. हे २३,१८८ रुपये कुठून आले? एजंटला विचारलं तर म्हणाला, "विम्याचे. पॉलिसीची प्रत नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे सव्वा एक टक्का धरला." नीट पाहिलं तर १.१२५ टक्के होतं. विम्याचा खर्च दाखवता आला नाही तर कस्टम इतका धरते. आमची वर्षभराची सागरी विमा पॉलिसी होती, शेठच्या कपाटात. या कंटेनरचा खरा प्रीमियम फक्त २,३१० रुपये होता. तो कागद वेळेवर न दिल्यामुळे ड्युटी १,७२२ रुपयांनी जास्त भरली. दुरुस्ती मागता येते, पण त्यामागे जाणारा वेळ आणि एजंटची फी पाहता सोडून दिलं.

रक्कम लहान आहे. पण एफओबी भावाने माल घेणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. तिथे समुद्रभाड्याचा पुरावा नसेल तर कस्टम एफओबीच्या वीस टक्के भाडं धरते, आणि तेव्हा फरक हजारोंत जातो.

एकूण ड्युटी १,७१,९६१ रुपये.

२६ जुलै

उशिरामुळे कस्टमचा दर ८० पैशांनी वाढला, त्याने किती नुकसान झालं ते काढायला बसले. मला वाटलं होतं मोठं असेल. ड्युटी वाढली फक्त १,५८६ रुपयांनी.

का, ते समजल्यावर सगळा विषय सुटसुटीत झाला. डॉलर या हिशेबात दोन वेगळ्या दारांनी येतो. एक, मालाची किंमत: किलोला ०.९६ डॉलर, म्हणून बिल ऑफ लेडिंगच्या दिवशी डॉलर रुपयाने महाग असला तर दाणा ९६ पैशांनी महाग. दुसरं, ड्युटी: तिथे त्याच ०.९६ चा फक्त ८.२५ टक्के भाग, म्हणून कस्टमचा डॉलर रुपयाने महाग झाला तर दाणा आठ पैशांनी महाग. मी कस्टमच्या दराची धास्ती घेऊन बसले होते, आणि खरा डाव १४ जुलैला होऊन गेला होता.

एक्सेलमध्ये हेच एका ओळीत येतं. B2 मध्ये किलोचा डॉलर भाव, B3 बिल ऑफ लेडिंगचा दर, B4 कस्टमचा दर:

```
=B2*B3 + B2*1.01125*0.0825*B4
```

विम्याची पॉलिसी दाखवणार असाल तर 1.01125 काढून खरा विमा धरा.

१ ऑगस्ट

मूळ बिल ऑफ लेडिंग आज हाती आलं. पुरवठादाराने कागद बँकेत उशिरा दिले होते. शिपिंग लाइनने डिलिव्हरी ऑर्डर दिली. कंटेनर सीएफएसच्या, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामाच्या, आवारात मोफत दिवस उलटून उभा होता, त्याचं भुईभाडं १८,६००.

५ ऑगस्ट

ट्रेलर कसारा घाट, नाशिक, मालेगाव, धुळे, पारोळा असा काल दुपारी पोहोचला. काल कानबाईचं विसर्जन होतं. रविवारी कानबाई बसली की सोमवारी आमच्याकडे हमाल मिळत नाहीत, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. तरी गाडी शनिवारी निघताना माझ्या लक्षात आलं नाही. ट्रेलर एक दिवस दारात उभा राहिला, त्याचे तीन हजार.

आज पोती उतरली. वरच्या थरातली काही फाटलेली होती. हमालाने हाक दिली, "ताई, हाई पोतं फाटेल शे, दाना सांडी ऱ्हायना." अप्पांनी प्रत्येक फाटकं पोतं वेगळं काढून वजन केलं. चांगला दाणा भरला २४,७०० किलो, ५० किलोची तूट. एवढी तूट या मालात नेहमीची आहे, म्हणून तिचा वेगळा तोटा काढायचा नाही. एकूण खर्चाला २४,७५० ऐवजी २४,७०० ने भागायचं. इन्व्हॉइसच्या वजनाने भागलं तर स्टॉकमध्ये नसलेला दाणा दिसत राहतो आणि वर्षअखेरीला मोजणीत फरक निघतो.

६ ऑगस्ट

आज लूमला दाणा हवा. पण सगळी बिलं आलेली नाहीत. शिपिंग लाइनचं, सीएफएसचं, एजंटचं बाकी आहे. इश्यू थांबवता येत नाही, म्हणून तात्पुरता दर लावला. माल, विमा, ड्युटी पक्के. ट्रेलर ५२,००० आणि हमाली ३,९६० हेही कळलेले. बंदराकडच्या खर्चासाठी जुनी फाइल काढली आणि त्यातले १३,५०० धरले. दर आला ९२.५०.

स्टोअरमध्ये देशी दाणा ६,००० किलो शिल्लक होता, ९७.२० चा. अप्पांना वाटत होतं जुना आधी संपवू आणि मग नवा काढू, म्हणजे ज्याचा दर त्याचा त्याला. पण आमच्या हॉपरमध्ये दोन्ही दाणे एकत्र पडतात, आणि एकाच ऑर्डरच्या चटईला सोमवारी एक दर आणि गुरुवारी दुसरा लागला तर शेठना भाव देता येणार नाही. म्हणून भारित सरासरी. ६,००० किलो ९७.२० ने आणि २४,७०० किलो ९२.५० ने मिळून ३०,७०० किलोचा दर ९३.४२. आजपासून स्लिपवर हा दर.

जुन्या पद्धतीने मी दर ८२.४६ लिहिला असता.

१३ ऑगस्ट

आज पैसे पाठवले. बँकेने डॉलर ८७.६० ने लावला. १४ जुलैच्या ८५.९० पेक्षा १.७० जास्त. फरक ४०,३९२ रुपये.

शेठ म्हणाले, "हे दाण्याचेच पैसे आहेत ना? मग दाण्यावर टाक."

मलाही तसंच वाटत होतं. सीए सरांशी अर्धा तास बोलले. त्यांचं म्हणणं असं की आपण दाणा १४ जुलैला घेतला आणि पैसे महिनाभर उधार ठेवले. डॉलर वाढल्याचं नुकसान त्या उधारीचं आहे, दाण्याचं नाही. रोख दिले असते तर ते झालंच नसतं, आणि डॉलर उतरला असता तर फायदाही उधारीचाच झाला असता. हिशेब मानक ११ आणि मालखर्चाचं मानक सीएएस-६ दोन्हींचा नियम एकच: खरेदीच्या तारखेनंतरचा विनिमय फरक मालाच्या किमतीत नको, नफा-तोट्यात न्या. उशिराचा दंड, भुईभाडं, गाडी उभी राहिल्याचं भाडं यांचंही तसंच. ते दाण्याची किंमत नसून आमच्या गलथानपणाची आहे.

एक व्यावहारिक कारण मला जास्त पटलं. हे ४०,३९२ मी आज स्टॉकवर टाकले असते तर आठवड्यात लूमवर गेलेला दाणा स्वस्त आणि उद्यापासूनचा महाग झाला असता. दाणा तोच, पोतं तेच. लूमवाल्याला विचारलं असतं की तुझा खर्च का वाढला, तर त्याने काय सांगायचं?

पण शेठची काळजी खोटी नाही. पैसे गेले आहेत आणि ते चटईच्या भावातून परत यायला हवेत. म्हणून आजपासून दोन कागद वेगळे केले. एक स्टोअरचा, त्यात हा फरक नाही. दुसरा भाव देण्याचा, त्यात डॉलर पैसे देण्याच्या तारखेचा धरायचा. तो दर आधी कळत नाही, म्हणून शेठ बँकेकडून त्या तारखेचा फॉरवर्ड दर, म्हणजे पुढच्या तारखेसाठी आजच ठरवून मिळणारा दर, विचारून घेणार आहेत. फॉरवर्ड केला नाही तरी भाव देताना तो आकडा समोर असावा.

२६ ऑगस्ट

शेवटची बिलं आली. शिपिंग लाइनचे टर्मिनल हाताळणी आणि कागदपत्रं मिळून २४,२००. सीएफएस १७,८००, भुईभाडं सोडून. एजंट ७,०००. बंदराकडचे एकूण ४९,०००. मी १३,५०० धरले होते.

चूक कुठे झाली ते शोधायला जुनी फाइल पुन्हा पाहिली. ती २० फुटी कंटेनरची होती, आणि शिपिंग लाइनचं बिल त्या फाइलमध्ये लागलेलंच नव्हतं. ते शेठनी थेट भरलं होतं.

पक्का हिशेब असा झाला (सगळं जीएसटी सोडून):

माल २०,४०,९८४
विमा २,३१०
ड्युटी आणि अधिभार १,७१,९६१
शिपिंग लाइन, सीएफएस, एजंट ४९,०००
ट्रेलर ५२,०००
हमाली ३,९६०
एकूण २३,२०,२१५, भागिले २४,७०० किलो, म्हणजे ९३.९४ रुपये.

तात्पुरत्या दरापेक्षा ३५,४६५ रुपये जास्त. तोवर ९,००० किलो लूमवर गेला होता आणि २१,७०० किलो शिल्लक होता. मी सगळी रक्कम शिल्लक मालावर चढवली. दर झाला ९५.०५.

२८ ऑगस्ट

अप्पा स्लिपबुक घेऊन आले. "ताई, परवापर्यंत ९३.४२ होता, एकदम ९५.०५ कसा? नवा माल तर आला नाही." चाळीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेला माणूस आहे, त्यांची शंका उगाच नसते.

बरोबर होतं त्यांचं. ते ३५,४६५ रुपये संपूर्ण ३०,७०० किलोचे होते. ज्या ९,००० किलोने स्वस्त दराचा फायदा घेतला, त्याचा वाटा शिल्लक मालावर पडला होता. किलोमागे १.१५५२ प्रमाणे विभागणी केली: ऑगस्टमध्ये वापरलेल्या दाण्यावर १०,३९७, शिल्लक मालावर २५,०६८. योग्य सरासरी ९४.५७ आली. जुन्या स्लिपा खोडल्या नाहीत, एक दुरुस्तीची नोंद घातली आणि तिच्यावर अप्पांची सही घेतली. वापरलेल्या दाण्यातल्या काही चटया गोदामात पडून होत्या, नियमाने त्यांचाही वाटा काढायला हवा होता. रक्कम लहान म्हणून काढला नाही.

ज्यांचं काम टॅलीवर आहे त्यांच्यासाठी: खरेदीच्या व्हाउचर प्रकारात अतिरिक्त खर्च मालावर धरण्याची सोय चालू करता येते, आणि तो प्रमाणावर वाटायचा की किमतीवर, तेही निवडता येतं. आमच्याकडे एकच ग्रेड होती, म्हणून काही बिघडलं नाही. एकाच कंटेनरमध्ये महाग मास्टरबॅच आणि स्वस्त दाणा असेल तर भाडं वजनावर आणि ड्युटी किमतीवर वाटा. दोन्ही एकाच मापाने वाटलं तर एका मालाचा दर खोटा येतो.

२ सप्टेंबर

शेठनी ६×९ च्या चटईचा भाव नव्याने काढला. त्या चटईत ताजा दाणा ९०० ग्रॅम जातो. जुन्या पद्धतीच्या ८२.४६ आणि आजच्या ९४.५७ मध्ये १२.११ चा फरक, म्हणजे चटईमागे १०.९० रुपये. आम्ही त्या चटईवर धरत होतो तो नफा याहून कमी होता. मोठ्या ऑर्डरना 'थोडं कमी करा' म्हटल्यावर आम्ही जे रुपये सोडत होतो, ते आमच्याजवळ नव्हतेच. १८ जूनच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

मग २५ जूनचा कोपऱ्यावरचा कागद काढला. शेठचे ९० आणि पक्के ९३.९४. फरकाचा अर्धा भाग, किलोमागे दोन रुपये, बंदराकडच्या खर्चाचा, जो त्या कागदावर नव्हताच. ८० पैसे ड्युटीचे: अधिभार, विम्याचा धरलेला टक्का आणि कस्टमचा चढा दर. जवळपास ५० पैसे सौदा ते बिल ऑफ लेडिंग या काळात वाढलेल्या डॉलरचे. बाकी किरकोळ.

आणि इश्यू दरात न धरलेले पैसे? दंड, भुईभाडं आणि थांबलेला ट्रेलर मिळून ३१,६००, किलोमागे १.२८. डॉलरचा फरक किलोमागे १.६४. ते धरले तर हा दाणा आम्हाला ९६.८६ ला पडला. देशी ९७.२० ला दारात मिळत होता. सात रुपये वाचणार होते, चौतीस पैसे वाचले. बँकेचं कमिशन आणि कस्टमला आधी भरलेल्या आयजीएसटीचं व्याज मी यात धरलेलं नाही.

शेठनी तो कागद दोनदा पाहिला आणि विचारलं, "मग आणायचाच नाही का?" मी म्हटलं, दंड-भुईभाड्याचे १.२८ आपल्या हातात आहेत. डॉलरचे नाहीत, पण ते आधी मोजता येतात. सौदा करताना ९३.९४ च्या जागी फॉरवर्ड दराने आलेला आकडा देशी दाण्याशी ताडून पाहायचा, आणि किलोमागे तीन रुपयांहून कमी फरक दिसला तर आणायचा नाही. तीन रुपये का, तर एवढा वेळ, अडकलेले पैसे आणि एखादी चूक भरून काढायला तेवढे लागतात असं या कंटेनरने दाखवलं. शेठना चार हवे आहेत. अजून ठरलेलं नाही.

११ सप्टेंबर

दुसऱ्या कंटेनरच्या बिल ऑफ लेडिंगची स्कॅन प्रत सकाळी मेलवर आली. दुपारी तीनच्या आत ती इन्व्हॉइस आणि विमा पॉलिसीच्या प्रतीसह एजंटला पाठवली, आणि बिल ऑफ एंट्री उद्याच भरायला सांगितली. शिपिंग लाइनकडून हाताळणीचे दर ४० फुटी कंटेनरसाठी लेखी मागवले आहेत, तात्पुरत्या दरात या वेळी तेच धरीन. ट्रेलर कोणत्या वारी दारात लागेल हे अप्पांना विचारूनच गाडी लावायची.